वजाबाकीची साक्ष

दोन संख्यांपैकी लहान कोणती आणि मोठी कोणती हे ओळखण्याची एक सोपी रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. पहिलीतून दुसरी वजा करावी. बाकी ऋण आली तर पहिली लहान, शून्य आली तर दोन्ही समान, धन आली तर पहिली मोठी. कागदावर ही रीत कधीही दगा देत नाही. संगणकात मात्र ती क्वचित प्रसंगी अगदी उलटी साक्ष देते, आणि त्या साक्षीवर विसंबून क्रमवारी लावणारा प्रोग्रॅम निमूटपणे चुकीची यादी हातात ठेवतो. सी नावाच्या संगणकभाषेत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या कसा चालत आला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ह्या सवयीचे मूळ सी भाषेहून जुने आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीने आपल्या ७०४ ह्या यंत्रासाठी फोरट्रॅन ही भाषा बाहेर काढली. त्या भाषेत 'ही संख्या त्या संख्येहून लहान आहे काय' असा सरळ प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. जी सोय होती ती अशी : एक हिशेब सांगावयाचा आणि त्याचे उत्तर ऋण, शून्य किंवा धन आल्यास कोणकोणत्या ओळीवर जावयाचे ते तीन क्रमांकांनी कळवावयाचे. साहजिकच दोन संख्यांची तुलना करावयाची झाली म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे पुढीलप्रमाणे लिहीत. (भाषणात ही ओळ मी तोंडी सांगितली होती, येथे ती जशीच्या तशी छापली आहे.)

```
IF (I-J) 10, 20, 30
```

बाकी ऋण असेल तर दहाव्या ओळीकडे, शून्य असेल तर विसाव्या, धन असेल तर तिसाव्या. तुलना म्हणजे वजाबाकी हे समीकरण येथे एका संपूर्ण पिढीच्या बोटांत बसले. पुढे काही वर्षांतच सरळ प्रश्न विचारण्याची सोय त्या भाषेत आली. परंतु बोटांची सवय इतक्या लवकर सुटत नाही.

दरम्यान क्रमवारी लावण्याच्या विद्येत एक मोठी गोष्ट घडली. टोनी होर हा तरुण इंग्रज १९५९ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात शिकत होता. रशियन वाक्यांचे यंत्राकडून भाषांतर करण्याच्या खटाटोपात त्याला शब्दांची अक्षरानुक्रमे मांडणी करण्याची गरज पडली, आणि त्या विचारातून त्याने 'क्विकसॉर्ट' ही रीत शोधून काढली. १९६१ साली ती प्रसिद्ध झाली. रांगेतील एक संख्या मध्यस्थ म्हणून घ्यावयाची, तिच्याहून लहान एका बाजूस व मोठ्या दुसऱ्या बाजूस लोटावयाच्या, आणि मग प्रत्येक बाजूवर तोच प्रयोग करावयाचा, हे तिचे सार. ह्या रीतीला संख्येचे ज्ञान लागत नाही. 'ह्या दोहोंत आधी कोण' ह्या एका प्रश्नाचे उत्तर देणारा कोणीतरी असला की पुरे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्याने १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत सी भाषा घडविली, व तेथील युनिक्स ह्या व्यवस्थेत क्रमवारी लावण्याचे जे तयार साधन मिळू लागले त्याचे नाव `qsort`. नावातच होरच्या रीतीचे स्मरण आहे. हे साधन कोणत्याही प्रकारच्या वस्तूंची रांग लावू शकते. परंतु वस्तू कोणत्या हे त्यास कळत नसल्यामुळे 'आधी कोण' ह्या प्रश्नाचे उत्तर देणारे एक छोटे फंक्शन वापरणाऱ्यानेच लिहून द्यावे लागते. त्या फंक्शनने उत्तर कसे द्यावयाचे? पहिली वस्तू आधीची असेल तर शून्याहून लहान पूर्णांक, समान असतील तर शून्य, नंतरची असेल तर शून्याहून मोठा. म्हणजे फोरट्रॅनमधील तोच तिरस्ता नव्या जागी आला. वजाबाकीला यापेक्षा मोकळे आमंत्रण कोणते हवे?

```
int cmp(const void *p, const void *q)
{
    int a = *(const int *)p;
    int b = *(const int *)q;
    return a - b;
}
```

पहिल्या तीन ओळींत केवळ दोन संख्या हाती घेतल्या आहेत. मर्म आहे ते शेवटच्या ओळीत. आटोपशीर व दिसावयास निर्दोष अशी ही ओळ. ब्रायन कर्निघन व डेनिस रिची ह्यांनी १९७८ साली सी भाषेवर जो ग्रंथ लिहिला त्यात शब्दांची तुलना करणारे एक फंक्शन आहे, आणि त्याचा शेवट खरोखरच वजाबाकीने होतो : दोन शब्दांत जे पहिले अक्षर भिन्न आढळेल, त्या दोन अक्षरांच्या अंकांतील फरक परत करावयाचा. तेथे ते सर्वस्वी बरोबर आहे. अक्षराचा अंक आठ बिटांत मावतो, म्हणून दोन अक्षरांतील फरक कधीही २५५ च्या पलीकडे जात नाही, आणि उत्तर नेणारे पात्र त्याहून कितीतरी मोठे असते. गंमत अशी की, त्याच ग्रंथात त्याच प्रकरणात संख्यांची तुलना करणारेही एक फंक्शन आहे, व तेथे ग्रंथकारांनी वजाबाकी केलेली नाही. लहान असेल तर उणे एक, मोठी असेल तर एक, नाहीतर शून्य, असे तीन पायऱ्यांत लिहिले आहे. अक्षरांचे उदाहरण अनेकांनी उचलले. संख्यांचे उदाहरण तितक्या उत्साहाने उचलले गेले नाही, असे पुढील काळातील लिखाण पाहता म्हणावेसे वाटते.

आता ही वजाबाकी चुकते कशी, ते पाहू. संगणकातील पूर्णांक हा अनंत रेषेवर बसलेला नसून घड्याळाच्या तबकडीसारख्या वर्तुळावर बसलेला असतो. समजण्यासाठी सोळाच खुणा असलेली तबकडी घ्या. शून्यापासून उजवीकडे एक, दोन असे सातपर्यंत चला. सातच्या पुढचे घर आठचे नव्हे, ते उणे आठचे. तेथून उणे सात, उणे सहा असे येत येत उणे एकनंतर पुन्हा शून्य. आता पाचातून उणे सहा वजा करा. खरे उत्तर अकरा. परंतु ह्या तबकडीवर अकराचे घर नाही. काटा पाचावरून अकरा घरे पुढे... नव्हे, सहा घरे पुढे सरकतो आणि सातची मर्यादा ओलांडून उणे पाचावर थांबतो. म्हणजे पाच वजा उणे सहा बरोबर उणे पाच! ऋण उत्तर पाहून तुलना करणारा म्हणणार, 'पाच ही उणे सहाहून लहान आहे.' उत्तर आपल्या पात्रातून असे ओसंडून वाहते म्हणून ह्या प्रकारास ओव्हरफ्लो म्हणतात.

सोळा घरांची तबकडी कोणी वापरीत नाही. सी भाषा ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली त्यावर `int` सोळा बिटांचा होता, म्हणजे तबकडीवर ६५,५३६ घरे आणि वरची मर्यादा ३२,७६७. आजच्या सर्वसाधारण यंत्रांवर तो बत्तीस बिटांचा असतो. घरे ४,२९,४९,६७,२९६ आणि वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. खालची मर्यादा ऋण बाजूस त्याहून एकाने अधिक.

ह्या ठिकाणी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण दोष इतकी वर्षे लपून राहण्याचे कारण तीच आहे. दोन्ही संख्या धन किंवा शून्य असतील तर त्यांचा फरक मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. दोन्ही ऋण असतील तरीही नाही. एक धन किंवा शून्य व दुसरी ऋण असेल तरच धोका, आणि तोही दोहोंमधील अंतर दोनशे चौदा कोटींच्या पलीकडे गेले तरच. परीक्षेचे गुण, दुकानातील किमती, घरांचे क्रमांक, माणसांची वये यांत हे कधी घडावयाचे नाही. प्रोग्रॅम लिहिणारा दहावीस साध्या संख्या देऊन परीक्षा घेतो, यादी अचूक लागते, आणि तो समाधानाने उठतो.

मग असे अंक येतात कोठून? मी तुमच्या घरातलेच उदाहरण देतो. युनिक्स व तिच्या वंशातील व्यवस्था तारीख मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. त्यापूर्वीच्या तारखा ऋण होतात. आता एका कुटुंबातील तीन स्त्रियांच्या जन्मतारखा घेऊ, आणि हिशेब सोपा जावा म्हणून तिघींचाही जन्म १ जानेवारीचा धरू. आजी १९२० ची, आई १९६० ची, नात २००० ची. सेकंदांत आजीचा अंक होतो −१,५७,७९,२३,२००, आईचा −३१,५६,१९,२००, नातीचा ९४,६६,८४,८००. तिन्ही अंक बत्तीस बिटांच्या पात्रात सुखाने बसतात. बसत नाही तो केवळ एक फरक.

आजीतून आई वजा केली तर बाकी येते −१,२६,२३,०४,०००. ऋण, म्हणून आजी आधी, बरोबर. आईतून नात वजा केली तर योगायोगाने तीच बाकी, कारण दोन्ही अंतरे चाळीसचाळीस वर्षांची व सारख्याच दिवसांची आहेत. आई आधी, हेही बरोबर. आता नातीतून आजी वजा करा. खरी बाकी २,५२,४६,०८,०००, पण मर्यादा २,१४,७४,८३,६४७. काटा मर्यादा ओलांडून ऋण बाजूस जातो. खऱ्या बाकीतून एक पूर्ण फेरा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, वजा झाला की हाती राहतात −१,७७,०३,५९,२९६. ऋण! म्हणजे यंत्राच्या मते नात आजीच्या आधी जन्मली. बत्तीस बिटांत अर्धा फेरा सुमारे ६८ वर्षांचा असतो. एकीचा जन्म १९७० पूर्वीचा व दुसरीचा नंतरचा असून त्यांत एवढे किंवा याहून अधिक अंतर पडले की ही उलटापालट आलीच.

आता नुसती एक तुलना चुकली असती तर तिचा बंदोबस्त करता आला असता. येथे बिघडले आहे ते याहून खोल आहे. आजी आईच्या आधी, आई नातीच्या आधी, आणि नात आजीच्या आधी. ही रांग नव्हे, हे रिंगण झाले. रिंगणात पहिले कोण हा प्रश्नच निरर्थक, आणि `qsort` ची सारी इमारत तर 'अ हा ब च्या आधी व ब हा क च्या आधी, तेव्हा अ हा क च्या आधी असणारच' ह्या विश्वासावर उभी असते. म्हणूनच प्रत्येक जोडी तपासण्याचे श्रम तो वाचवू शकतो.

पत्त्यांच्या डावात आपण हातातील पाने लावतो त्या पद्धतीने ही तीन नावे लावून पाहा. प्रत्येक नवे नाव शेवटी घ्यावयाचे व ते डावीकडील नावाच्या आधीचे ठरले तर मागे सरकवावयाचे. समजा नावे नात, आजी, आई अशा क्रमाने आली. नात आणि आजी : बाकी ऋण, म्हणजे क्रम बरोबर, हलवू नका. आजी आणि आई : बाकी ऋण, हलवू नका. संपले. 'नात, आजी, आई' ही यादी क्रमवार म्हणून परत येते. तिन्ही नावे सहा प्रकारे येऊ शकतात. मी सहाही प्रकार कागदावर करून पाहिले. दोनदा यादी बरोबर लागते, चार वेळा चुकते. म्हणजे फळ नावांवर अवलंबून नसून ती कोणत्या क्रमाने हाती आली यावर अवलंबून आहे. ज्या गृहस्थाकडे कालपर्यंत यादी ठीक लागत होती व आज एक नवे नाव घालताच ती बिघडली, तो दोष नव्या नावात शोधीत बसतो.

आणखी एक फसगत सांगण्यासारखी आहे. यादी लागल्यावर ती तपासावी म्हणून पुष्कळजण शेजारच्या दोनदोन नोंदींवर तेच तुलनेचे फंक्शन पुन्हा चालवितात. आपल्या 'नात, आजी, आई' ह्या यादीवर ते चालवून पाहा : दोन्ही जोड्या बरोबर म्हणूनच निकाल येईल. ज्या काट्याने खोटे वजन केले त्याच काट्यावर पुन्हा माल ठेवल्यासारखे ते होते. तपासणी करावयाची ती 'लहान आहे काय' असा सरळ प्रश्न विचारूनच.

मला ह्या प्रकरणात सर्वांत नवलाची वाटते ती गोष्ट यंत्राच्या पोटातील आहे. यंत्र स्वतः दोन संख्यांची तुलना कशी करते? तेही वजाबाकीनेच! परंतु पीडीपी-११ मध्ये वजाबाकी झाली की यंत्र चार छोट्या खुणा वर करून ठेवी. एन ही खूण बाकी ऋण असल्याची, झेड शून्य असल्याची, व्ही उत्तर ओसंडल्याची, आणि सी हातच्याची. 'पहिली लहान असेल तर अमुक ठिकाणी जा' ही यंत्राची आज्ञा केवळ एन कडे पाहत नसे. एन आणि व्ही ह्या दोहोंपैकी नेमकी एकच वर असेल तरच ती पहिली संख्या लहान मानी. बाकी ऋण दिसते पण उत्तर ओसंडले आहे, तर चिन्ह उलटे समजावयाचे, असा तो अर्थ. आपल्या नात व आजीच्या वजाबाकीत दोन्ही खुणा वर होतात, आणि यंत्र अचूक सांगते की नात लहान नाही. आजची यंत्रेही थोड्याफार फरकाने हेच करतात. म्हणजे यंत्राला सत्य ठाऊक असते. सी भाषेत `a - b` लिहिताक्षणी आपण बाकी तेवढी उचलून आणतो व व्हीची खूण मागेच सोडतो. साक्षीदाराचा अर्धाच जबाब कोर्टात वाचावा, तसे.

सी भाषेच्या १९८९ च्या अधिकृत नियमावलीने ह्या विषयात आणखी एक कडक कलम घातले. चिन्हयुक्त पूर्णांकांचा हिशेब ओसंडला तर पुढे काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. तबकडी फिरते हे मी वर सांगितले ते बहुतेक यंत्रांचे वर्तन झाले, भाषेचे वचन नव्हे. कंपायलरला असे गृहीत धरून चालण्याची मुभा आहे की ओव्हरफ्लो होतच नाही. मग तो 'बाकी ऋण आहे काय' ह्या प्रश्नाच्या जागी 'पहिली लहान आहे काय' असा प्रश्न घालूनही देऊ शकतो. त्यामुळे तोच प्रोग्रॅम एका रीतीने तयार केला तर चुकतो व दुसऱ्या रीतीने तयार केला तर चुकत नाही, असाही अनुभव येतो.

चुकीची यादी एवढ्यावरच हे थांबत नाही, हे ३० जानेवारी २०२४ रोजी जगासमोर आले. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी ह्या साधनसंग्रहातील `qsort` बद्दल क्वालिस ह्या संस्थेच्या संशोधकांनी त्या दिवशी एक निवेदन काढले, आणि त्यात उदाहरण म्हणून दिले ते नेमके आपले वजाबाकीचे फंक्शन. तेथील क्विकसॉर्टची रीत अशी होती : रांगेचे लहानलहान तुकडे झाले की शेवटी पत्त्यांप्रमाणे एकेक नोंद मागे सरकवीत न्यावयाची. सरकविताना रांगेचे टोक आले काय हे प्रत्येक वेळी पाहण्याचा खर्च वाचावा म्हणून आरंभीच्या काही नोंदींतून सर्वांत लहान असेल ती पुढे आणून अगदी पहिल्या जागी बसवीत. तिच्याहून लहान कोणी नाही, तेव्हा मागे सरकणारी प्रत्येक नोंद तिच्यापाशी थांबणारच, असा भरवसा. पण रिंगणात सर्वांत लहान कोणीच नसते! पहिल्या जागी आजी बसली आहे आणि नात मागे सरकत आली, तर ती आजीपाशी थांबत नाही. तिलाही ओलांडून रांगेच्या बाहेर, स्मृतीच्या परक्या भागात जाते, आणि तेथील मजकूर हलवू लागते. निवेदनाप्रमाणे १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत हे होते. एरवी ग्लिबसी दुसऱ्या एका रीतीने क्रमवारी लावीत असे, आणि तिला पुरेशी मोकळी स्मृती मिळाली नाही तरच क्विकसॉर्टकडे वळे. म्हणून धोका विरळा होता. देखभाल करणाऱ्यांचे म्हणणे पडले की तुलनेचे फंक्शन सुसंगत असावे ही नियमाचीच अट आहे, तेव्हा दोष वापरणाऱ्याचा. तरीही टोक पाहण्याची तपासणी त्यांनी घातली. दोन्ही बाजूंचे खरे आहे, असे माझे मत आहे.

आपल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष आहे की काय हे पाहण्याचा उपाय कठीण नाही. जीसीसी ह्या कंपायलरला `-fsanitize=undefined` असे सांगून प्रोग्रॅम तयार करावा आणि त्यास सर्वांत लहान पूर्णांक, शून्य व सर्वांत मोठा पूर्णांक अशा तीन संख्या द्याव्यात. आपल्या कुटुंबाच्या उदाहरणावर तो पुढील अर्थाची तक्रार करील :

```
runtime error: signed integer overflow:
946684800 - -1577923200 cannot be represented in type 'int'
```

दुरुस्ती करताना कित्येकजण आणखी एका खड्ड्यात पडतात. वजाबाकी चौसष्ट बिटांच्या मोठ्या पात्रात करतात, पण फंक्शनचे उत्तर `int` म्हणूनच परत द्यावयाचे असल्याने वरचे बत्तीस बिट दारातच गळून पडतात व जुनाच घोटाळा कायम राहतो. फाइलींच्या आकारांसारख्या चौसष्ट बिटांच्या संख्यांत तर फरक बरोबर ४,२९,४९,६७,२९६ आला की उरते ते शून्य, आणि दोन अगदी असमान वस्तू समान ठरतात. खरी दुरुस्ती एका ओळीची आहे :

```
return (a > b) - (a < b);
```

सी भाषेत प्रत्येक तुलनेचे उत्तर एक किंवा शून्य येते. पहिली मोठी असेल तर एकातून शून्य जाऊन एक; लहान असेल तर शून्यातून एक जाऊन उणे एक; समान असतील तर शून्य. येथेही वजाबाकी आहेच, परंतु ती शून्य आणि एक यांची आहे, व ती ओसंडणे शक्य नाही. मोठेलहानाचा निर्णय कंपायलर यंत्राच्या तुलनेच्या आज्ञेवर सोपवितो, आणि ती आज्ञा व्हीची खूण पाहिल्याशिवाय उत्तर देत नाही. फोरट्रॅनमधील तीन क्रमांकांची ती जुनी रचना त्या भाषेच्या २०१८ च्या नियमावलीतून काढून टाकण्यात आली आहे. `a - b` हे मात्र सी भाषेच्या लिखाणात अजून ठिकठिकाणी सापडते.